विश्लेषण : टपरीवाल्याकडे बिलबुक नाही, मग पेटी कॅशचे व्हाउचर कुठवर चालते?

चहाची टपरी, पंक्चरचे दुकान, ऑटो, पाण्याचे जार, नाली साफ करणारे मजूर. यवतमाळ शहरालगतच्या लोहारा औद्योगिक वसाहतीतला कुठलाही छोटा कारखाना रोज अशा लोकांना पैसे देतो. यातल्या बहुतेकांकडे बिलबुक नसते. मग कार्यालयातला मुनीम स्वतःच एक व्हाउचर लिहितो, त्यावर सही घेतो आणि ते फाइलला लावतो. वर्षअखेरीस हिशेब तपासणारे सीए विचारतात, ‘‘याचे बिल कुठे आहे?’’ उत्तर ठरलेले असते, ‘‘साहेब, तो बिल देतच नाही.’’

हे उत्तर चालते का? काही खर्चांसाठी चालते, काहींसाठी अजिबात नाही. आणि जिथे चालते तिथेही बिल सोडून बाकीचे सगळे नियम जागच्या जागी राहतात.

बिल नसल्याने नेमके काय कमी पडते?

बिल तीन गोष्टी सांगते. पैसे कोणाला गेले, कशासाठी गेले आणि किती गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे तिन्ही आपण सांगत नाही, समोरचा सांगतो. व्यवहारात ज्याचा स्वार्थ वेगळा आहे अशा माणसाने लिहून दिलेला तो कागद असतो.

व्हाउचरवरही याच तीन गोष्टी लिहिल्या जातात. पण तो कागद ज्याच्या हातात पैसे होते त्यानेच तयार केलेला असतो. म्हणूनच त्याची किंमत बिलापेक्षा कमी. ही तूट भरून काढायची तर प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याशिवाय आणखी कोणाकडून तरी मिळाले पाहिजे. ‘कोणाला’ आणि ‘किती’ यासाठी घेणाऱ्याची सही किंवा यूपीआयची नोंद, ‘कशासाठी’ यासाठी काम झालेले प्रत्यक्ष पाहणारा दुसरा माणूस. बिल नसताना लावायचे बहुतेक नियम यातूनच निघतात.

आधी पाहा : बिल देता येत नाही, की मागितलेच नाही?

व्हाउचर लिहिण्याआधीची ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. चहावाल्याकडे बिलबुक नाही हे खरे. पण इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलेल्या वायरीला बिल का नाही?

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याची २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते. त्यामुळे टपरीवाला, पंक्चरवाला जीएसटीचे बिल देऊ शकत नाही आणि त्याने ते द्यावे अशी अपेक्षाही नाही. नोंदणी असलेल्या दुकानदाराची गोष्ट वेगळी. त्याला २०० रुपयांच्या आतल्या विक्रीवर स्वतंत्र बिल न देण्याची सवलत आहे, पण त्यासाठी घेणारा नोंदणीकृत नसला पाहिजे आणि त्याने बिल मागितलेले नसले पाहिजे. अशा विक्रीचेही दिवसअखेर एक एकत्रित बिल त्याला करावेच लागते. म्हणजे जीएसटी क्रमांक असलेल्या कारखान्याने शंभर रुपयांची वस्तू घेतली, तरी नोंदणीकृत दुकानदाराने बिल द्यायला हवे.

इथे हलगर्जी केली तर थेट पैसे जातात. १,१९० रुपयांच्या वायरीत १८ टक्के जीएसटी धरला तर सुमारे १८१ रुपये कराचे असतात. कारखान्याचे नाव आणि जीएसटी क्रमांक असलेले बिल असेल तरच त्या रकमेचे क्रेडिट मागता येते. कच्च्या चिठ्ठीवर किंवा स्वतःच्या व्हाउचरवर ते मिळत नाही. दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर तो कर वेगळा दाखवत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही, पण ‘बिल ऑफ सप्लाय’ हा कागद त्याला द्यावाच लागतो.

म्हणून व्हाउचरवर नुसते ‘बिल नाही’ लिहून भागत नाही. कारण लिहावे लागते : ‘फिरता विक्रेता’, ‘मजूर, बिलबुक नाही’, ‘ऑटो भाडे’. कारण लिहिता येत नसेल तर ते व्हाउचरचे प्रकरणच नाही. दुकानात परत जाऊन बिल आणायचे.

कायदा स्वतः लिहिलेले व्हाउचर मानतो का?

मानतो, पण मर्यादेत. १९६२ च्या आयकर नियमावलीतला नियम ६एफ यासाठी पाहण्यासारखा आहे. डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल अशा व्यावसायिकांनी कोणती कागदपत्रे ठेवावीत हे तो सांगत असे. खर्चाची मूळ बिले आणि पावत्या ठेवा. त्या मिळत नसतील आणि खर्च ५० रुपयांपेक्षा जास्त नसेल, तर स्वतः तयार करून सही केलेले व्हाउचर ठेवा, असे त्यात म्हटले होते. पुढे एक सूटही होती. रोकडवहीत त्या खर्चाचा पुरेसा तपशील असेल तर हे व्हाउचरही करण्याची गरज नव्हती.

५० रुपयांचा आकडा आजच्या मानाने किरकोळ वाटतो आणि हा नियम कारखान्यांना लागूही नव्हता. पण त्यामागचा विचार कळतो. बिल न देणारा विक्रेता असतो हे कायद्याला ठाऊक आहे. अशा वेळी तो रक्कम छोटी आहे का आणि तपशील पुरेसा आहे का, हे पाहतो.

कारखाना किंवा दुकान यांच्या बाबतीत खर्च धंद्यासाठीच झाला, हे दाखवण्याची जबाबदारी करदात्याची असते. निव्वळ स्वतःच्या व्हाउचरवर उभा असलेला खर्च तपासणीत आला की ‘पडताळता येत नाही’ म्हणून त्यातले काही टक्के नामंजूर होण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. पुढे अपिलात निकाल दोन्ही बाजूंनी लागतात. कोणत्या व्हाउचरमध्ये काय दोष आहे हे न दाखवता सरसकट कपात केली असेल तर ती रद्द होऊ शकते. व्हाउचरवर नाव, काम, सही यांचा पत्ताच नसेल तर कपात टिकते. म्हणजे वाद अखेर एकेका व्हाउचरवर काय लिहिले आहे इथे येऊन थांबतो.

व्हाउचरवर काय हवे?

उदाहरणादाखल लोहाऱ्यातली एक छोटी दालमिल घेऊ. मोटर जळाली. ती ऑटोने यवतमाळला रिवाइंडिंगसाठी नेली आणि परत आणली. ऑटोचे भाडे ४०० रुपये.

‘प्रवास खर्च ४००’ असे लिहिलेले व्हाउचर जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहिता येते : ‘जळालेली मोटर मिल ते रिवाइंडिंग दुकान, जाणे-येणे, ऑटो भाडे’. सोबत तारीख, ऑटोचा नंबर, चालकाचे नाव आणि मोबाइल, रक्कम अंकी व अक्षरी, चालकाची सही. सही येत नसेल तर अंगठा, आणि त्याशेजारी ज्याच्यासमोर तो घेतला त्याची सही. खाली आणखी दोन सह्या : काम झाले असे सांगणाऱ्या फोरमनची आणि खर्च मंजूर करणाऱ्या मालकाची.

या व्हाउचरचा सगळ्यात भक्कम भाग मात्र दुसऱ्याच कागदावर आहे. रिवाइंडिंगच्या दुकानाचे बिल फाइलमध्ये असते. दोन्ही कागदांवरची तारीख जुळली की ऑटोच्या भाड्याला आपोआप आधार मिळतो. बिल नसलेल्या खर्चाच्या आगेमागे बिल असलेला एखादा खर्च बहुतेक वेळा असतोच. त्याचा क्रमांक व्हाउचरवर टाकायला दहा सेकंदे लागतात.

व्हाउचरवर छापील अनुक्रमांक हवा. चुकलेले पान फाडून टाकायचे नाही, ‘रद्द’ लिहून तिथेच ठेवायचे. खाडाखोड केलेला आकडा चालत नाही, त्याऐवजी नवे व्हाउचर लिहायचे. आणि मालक बाहेरगावी जाताना ‘कामी येतील’ म्हणून पाच-दहा कोऱ्या व्हाउचरवर सह्या करून जातो, ती सवय सगळ्यात घातक. कोऱ्या कागदावरची सही कोणताही खर्च मंजूर करत नाही, ती फक्त पुढच्या चोरीला परवाना देते.

यूपीआयने दिले तर व्हाउचर लागतच नाही का?

लागते. आता टपरीवरही क्यूआर कोड असतो आणि त्याचा हिशेबाला मोठा फायदा आहे. यूपीआयच्या नोंदीत तारीख, वेळ, रक्कम, खातेदाराचे नाव आणि १२ अंकी व्यवहार क्रमांक असतो. म्हणजे ‘कोणाला’ आणि ‘किती’ या दोन प्रश्नांची उत्तरे बँकेकडून मिळतात. ‘कशासाठी’ हे मात्र ती नोंद सांगत नाही. ८४० रुपये चहाचे की घरच्या किराण्याचे, हे व्हाउचरच सांगणार.

दोन अडचणी नेहमी येतात. क्यूआर कोड टपरीवाल्याच्या मुलाच्या किंवा पत्नीच्या नावावर असतो आणि तपासताना नाव जुळत नाही. मोबाइलवर दिसलेले नाव व्हाउचरवर लिहून पुढे ‘टपरीचालकाच्या सांगण्यावरून’ अशी नोंद केली की प्रश्न मिटतो. दुसरी अडचण कर्मचारी स्वतःच्या फोनवरून पैसे देतो तेव्हाची. त्याला पेटीतून भरपाई देताना स्क्रीनशॉट पुरेसा मानू नये, कारण स्क्रीनशॉट बदलता येतो आणि एकच स्क्रीनशॉट दोन आठवड्यांत दोनदा येऊ शकतो. ॲपमधली मूळ नोंद पाहून व्यवहार क्रमांक व्हाउचरवर लिहायचा. तो क्रमांक आधीच्या व्हाउचरवर आलेला नाही ना, हे पाहिले की काम झाले.

शनिवारी पेटीत १५० रुपये कमी भरले तर?

व्हाउचरची खरी परीक्षा पेटी मोजताना होते. त्याच दालमिलच्या पेटीत दर आठवड्याला ठरलेले ५,००० रुपये ठेवले जातात. शनिवारी पेटीतली रोकड आणि व्हाउचरची बेरीज मिळून ५,००० झाले पाहिजेत. जेवढी व्हाउचरे तेवढ्याच रकमेचा धनादेश काढून पेटी पुन्हा भरायची. या पद्धतीला हिशेबाच्या भाषेत इम्प्रेस्ट म्हणतात.

या आठवड्याची व्हाउचरे अशी आहेत. ४१ क्रमांकाचे ऑटोचे ४०० रुपये. ४२ वर टेम्पोचे पंक्चर, १५०. ४३ वर चहा, ८४०. ४४ वर पाण्याचे १२ जार, प्रत्येकी ३० प्रमाणे ३६०. ४५ वर वायर, १,१९०, सोबत दुकानाचे बिल. ४६ वर नाली सफाईची मजुरी, ६००. एकूण ३,५४० रुपये. पेटीत १,४६० असायला हवेत, पण निघाले १,३१०. दीडशे रुपये कमी.

इथे मुनिमापुढे दोन रस्ते असतात. सोपा रस्ता म्हणजे चहाच्या व्हाउचरवर ८४० च्या जागी ९९० लिहायचे. टपरीवाला बिल देत नाही, त्यामुळे कोणाला कळणार? पण कळते. मिलमध्ये रोज १४ चहा येतात, सहा दिवसांचे ८४, दहा रुपयांप्रमाणे ८४०. ९९० म्हणजे ९९ चहा होतात आणि त्यांचा रोजच्या १४ शी मेळ बसत नाही. शिवाय टपरीवाला बिल देत नसला तरी उधारीची वही ठेवतो, आणि त्या वहीत ८४ च असतात. व्हाउचरवर नुसती रक्कम न लिहिता नग आणि दर लिहायचा, तो यासाठीच.

दुसरा रस्ता शोधण्याचा. गेटवरच्या नोंदवहीत टेम्पो त्या आठवड्यात दोनदा पंक्चरसाठी बाहेर गेलेला दिसतो, व्हाउचर मात्र एकच. चालकाला विचारले, पंक्चरवाल्याला फोन केला, दोघांनीही गुरुवारी आणखी १५० दिल्याचे सांगितले. घाईत व्हाउचर लिहायचे राहून गेले होते. आता ४७ क्रमांकाचे व्हाउचर होते. त्यावर तारीख शनिवारची, कारण ते शनिवारी लिहिले आहे. मजकुरात ‘गुरुवारच्या दुसऱ्या पंक्चरचे, गेट नोंदीवरून’. बेरीज ३,६९० होते, तेवढा धनादेश निघतो आणि पेटी पुन्हा ५,००० वर येते.

शोधूनही काही सापडले नसते तर? मग रोकडवहीत ‘तूट १५०’ असे स्पष्ट लिहून मालकाची सही घ्यायची. कागदावर उघड दिसणारी तूट झाकलेल्या तुटीपेक्षा कमी धोक्याची असते. ज्या पेटीत वर्षभरात एकदाही एक रुपया कमी-जास्त झालेला नाही, त्या पेटीची व्हाउचरे अनुभवी तपासनीस जास्त बारकाईने पाहतो.

दोनच माणसे असतील तर मंजुरी कोणाची?

मोठ्या कंपनीत खर्च मागणारा, पैसे देणारा आणि मंजूर करणारा असे तिघे वेगळे असतात. लोहाऱ्यातल्या अनेक युनिटमध्ये कार्यालयात दोनच माणसे असतात. तिथे निदान एक रेघ पाळता येते : ज्याच्याकडे पेटीची किल्ली, त्याने स्वतःचे व्हाउचर स्वतः मंजूर करायचे नाही. मुनिमाने स्वतःच्या पेट्रोलचे पैसे घेतले तर सही मालकाचीच हवी.

मालकाच्या बाजूनेही एक काम आहे. महिन्यातून एकदा, दिवस आधी न सांगता, त्याने पेटी मुनिमासमोर मोजावी आणि वहीवर दोघांनी सह्या कराव्यात. त्याच वेळी दोन व्हाउचर उचलून त्यावरच्या मोबाइलवर फोन करावा. खोट्या व्हाउचरच्या खुणा सहसा एकाच वेळी दिसतात : सगळे एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेले, वेगवेगळ्या मजुरांच्या सह्यांचे वळण एकच, आकडे नेहमी ५०० किंवा १,००० असे गोल, आणि मंजुरीची मर्यादा १,००० असेल तर ९५०, ९८० अशी तिच्या खालोखाल दाटी.

बिल नसले तरी न बदलणाऱ्या मर्यादा कोणत्या?

सर्वांत महत्त्वाची मर्यादा रोखीची. एका व्यक्तीला एका दिवसात धंद्याच्या खर्चापोटी १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. १९६१ च्या कायद्यातली ही मर्यादा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे. मालवाहतूकदारांसाठी ती ३५,००० आहे. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या शेतमालाला सूट आहे, पण ती मालखरेदीची बाब झाली, पेटी कॅशची नव्हे.

यात एक सापळा आहे. शेडच्या दुरुस्तीचे गवंड्याला १४,००० द्यायचे आहेत म्हणून त्याच दिवशी ७,००० ची दोन व्हाउचरे केली, तरी कायदा दिवसाची बेरीज पाहतो. आणि नामंजूर होतात ते वरचे ४,००० नव्हे, तर पूर्ण १४,०००. ३० टक्के दराने कर भरणाऱ्याला हा खर्च ४,२०० रुपयांनी महाग पडतो. हेच पैसे यूपीआयने किंवा धनादेशाने दिले असते तर ही अडचण आली नसती. तसेच कंत्राटी कामापोटी एकाला एका वेळी ३०,००० पेक्षा किंवा वर्षभरात मिळून एक लाखापेक्षा जास्त दिले जात असतील, तर टीडीएसचा प्रश्न येतो. छोट्या छोट्या व्हाउचरमध्ये ही बेरीज हरवते, म्हणून वारंवार येणाऱ्या माणसाच्या नावाने वहीत वेगळे पान असावे.

दुसरी मर्यादा पावतीची. ५,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम मिळाल्याच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लागते, आणि पैसे देणाऱ्याने मागितल्यास अशी तिकीट लावलेली पावती देणे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणजे बिलबुक नसलेल्या माणसाकडूनही मोठ्या रकमेची सही तिकिटावर घेता येते. ५,००० पर्यंतच्या व्हाउचरवर तिकीट लावण्याची गरज नाही.

तिसरी बाब नावाच्या घोळाची. जीएसटी कायद्यातही ‘पेमेंट व्हाउचर’ आहे, पण ते वेगळे. ज्या व्यवहारात कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते तिथे ते करावे लागते. बिल्टी देणाऱ्या वाहतूक एजन्सीचे भाडे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. बिल्टी न देणाऱ्या ऑटोच्या ४०० रुपयांना ते लागू होत नाही. म्हणून वाहतुकीचा खर्च पेटीतून देताना बिल्टी आहे का, हे आधी पाहावे. असेल तर तो कागद पेटीच्या फाइलमध्ये न ठेवता जीएसटीचे काम पाहणाऱ्याकडे द्यावा.

मग याचा फायदा कोणाला?

व्हाउचरचा त्रास मुनिमाला होतो आणि फायदा मालकाला, असे वरवर दिसते. पण पेटीत दीडशे रुपये कमी निघतात तेव्हा पहिला संशय किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्यावरच येतो. दालमिलच्या त्या शनिवारी मुनिमाला सोडवले ते मालकाच्या विश्वासाने नाही. गेटची वही, व्हाउचरवर लिहिलेला पंक्चरवाल्याचा मोबाइल आणि अखंड चाललेला अनुक्रमांक, या तीन साध्या नोंदींनी सोडवले. यातली एकही नोंद नसती, तर ते दीडशे रुपये त्याच्या पगारातून गेले असते आणि संशय मात्र तसाच राहिला असता.